सातबाऱ्याचा फोटो आणि एआयचं मराठी उत्तर

प्रश्न : जुन्या सातबाऱ्याचा फोटो चॅटजीपीटी किंवा जेमिनीमध्ये टाकला, तर उत्तर मराठीत मागता येतं का? आणि त्यावर कितपत विसंबावं?

मागता येतं. विनंती देवनागरीत लिहा आणि 'उत्तर मराठीत दे' असं स्पष्ट सांगा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंत, तर उत्तर कधी त्याच लिपीत येतं, कधी हिंदीकडे घसरतं. छापील कागदाचा गोषवारा बहुतेक वेळा चांगला मिळतो.

घोळ होतो तो वाचण्यात. मोठा फोटो आत घेताना लहान केला जातो, त्यामुळे बारीक अक्षरं आणि आकडे पुसट होतात. जे नीट दिसत नाही ते अंदाजाने भरलं जातं, आणि मराठी इतकी सफाईदार असते की शंकाही येत नाही. हस्तलिखितात १ आणि ९, ३ आणि ६ यांची अदलाबदल होते.

म्हणून अख्खं पान एकदम देऊ नका. क्षेत्राचा भाग, भोगवटादारांचा रकाना आणि 'इतर अधिकार' असे तीन तुकडे कापून वेगवेगळे टाका. फोटो व्हॉट्सअॅपवरून मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो दाबला जाऊन येतो. पहिली विनंती अशी करा :

```
या चित्रातला मजकूर ओळीगणिक जसाच्या तसा उतरव.
आकडे देवनागरीतच ठेव. न वाचता येईल तिथे [अस्पष्ट] लिही.
अर्थ सांगू नकोस.
```

उतरवलेला मजकूर कागदाशी ताडून पाहिल्यावरच अर्थ विचारा. दोन्ही एकदम मागितलं, तर चूक वाचण्यात झाली की समजावण्यात, हे कळत नाही.

क्षेत्राची पडताळणी बेरजेने होते. समजा लागवडयोग्य ०.३६.०० आणि पोटखराब ०.०४.५० आहे, तर एकूण ०.४०.५० हवं; म्हणजे ० हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर, जवळपास एक एकर. एआयने उतरवलेल्या मजकुरात ३६ चं ३९ झालं असेल तर बेरीज ०.४३.५० येते आणि चूक लगेच उघडी पडते. फेरफार क्रमांकाला अशी बेरीज नसते. तो डोळ्यांनीच एकेक अंक तपासावा लागतो.

सगळ्यात महागात पडते ती कमी झालेल्या नोंदींची चूक. जुन्या सातबाऱ्यावर अशी नावं कंसात असतात, नव्या नमुन्यात त्यांवर आडवी रेघ असते. बारीक रेघ नजरेतून सुटते आणि मयत खातेदार किंवा फिटलेला बोजा उत्तरात चालू म्हणून येतो. 'कंसातल्या आणि रेघ मारलेल्या नोंदींची वेगळी यादी दे' असं सांगा, आणि ती यादीही कागदाशी ताडा.

मोडीतला कागद असेल तर या वाटेला जाऊ नका, मोडी वाचणारा माणूस गाठा. व्यवहारासाठी digitalsatbara.mahabhumi.gov.in वरचा डिजिटल सहीचा उताराच काढा.