तीन हजारांची सवलत आणि अडकलेला क्लेम

प्रश्न : मी ठाण्यात टीवायबीकॉमला आहे. घोडबंदर रोडवर बाबांच्या साडेतीन वर्षांच्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं. बिल ६८,०००. सर्व्हेअरने ५१,५०० धरले आणि नंतर कंपनीने 'खोटा नो क्लेम बोनस घेतला' म्हणून क्लेमच फेटाळला. आदल्या वर्षी बंपरचा छोटा क्लेम झाला होता, पण फॉर्म एजंटने भरला होता. सर म्हणतात, परम सद्विश्वास, म्हणजे विम्यात सगळं खरं सांगायचं बंधन, मोडला की करार रद्द. आणि नुकसानभरपाईचं तत्त्व असताना ५१,५००च का?

उत्तर : 'फॉर्म एजंटने भरला' हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात असतं. त्यावर फार विसंबू नका. सही किंवा ओटीपी वडिलांचा असेल, तर 'मी वाचलंच नव्हतं' या बचावाला सहसा किंमत मिळत नाही. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत म्हणजे हा बोनस. ३५ टक्के बोनसची पॉलिसी घरी आली तेव्हा ती उघडून पाहायला दोन मिनिटं लागली असती. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० धरला, तर वाचले ३,१५० रुपये.

आता मुद्द्याचं. बोनस घेताना जे घोषणापत्र असतं, त्यातलं शेवटचं वाक्य काढून वाचा. ही माहिती चुकीची निघाली तर पॉलिसीच्या 'पहिल्या भागाखालचे' सर्व लाभ जप्त होतील, असं त्यात असतं. पहिला भाग म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. दुसरा भाग, म्हणजे त्रयस्थाला द्यायची भरपाई, त्या वाक्यात येत नाही. त्यामुळे तुमच्या सरांचं 'करार रद्द' परीक्षेपुरतं ठीक आहे. प्रत्यक्षात असा करार आपोआप रद्द होत नाही, फसलेल्या पक्षाला तो रद्द करण्याचा पर्याय मिळतो.

आणि सद्विश्वास दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात. इथे सगळं त्या ओळीवर आहे. मोटार टॅरिफ या मोटार विम्याच्या नियमावलीत असं आहे की, ग्राहकाने पुरावा न देता नुसत्या घोषणेवर बोनस घेतला, तर नव्या कंपनीने विमा दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून खात्री करायची. तुमच्या कंपनीने ते पत्र कधी पाठवलं? अपघातानंतर पाठवलं असेल, तर हप्ता घेताना डोळे मिटले आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा उघडले, असं म्हणता येतं. भारतीय करार कायद्याच्या कलम १९ चा अपवादही सांगतो, की साध्या चौकशीने खरं कळलं असतं, तर चुकीच्या माहितीच्या आधारे करार मोडता येत नाही. जाणूनबुजून फसवलं असेल तर मात्र हा अपवाद कितपत चालेल, याची खात्री देणार नाही. तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही : आधीची पॉलिसी याच कंपनीची होती का? असेल, तर बंपरचा क्लेम तिनेच दिलाय, आणि तुमची बाजू बरीच भक्कम होते.

ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही प्रकारचे आहेत. कुठे पूर्ण नकार कायम राहिला, कुठे काही टक्के कापून क्लेम द्यायला लावला. मला दुसरी शक्यता अधिक वाटते, पण पैज लावणार नाही.

५१,५००चं म्हणाल तर सर्व्हेअरचं गणित बरोबर आहे. अपघाताच्या आदल्या मिनिटाला गाडी जशी होती तिथवर तुम्हाला नेणं, एवढंच हे तत्त्व करतं. जुन्या पत्र्याच्या जागी नवा बसला, तर तेवढा फायदा तुमच्याच खिशातून जातो. तुम्ही जोडलेल्या बिलात पत्रा २४,००० चा आहे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला त्यावर २५ टक्के घसारा, म्हणजे ६,००० गेले. प्लास्टिकचे भाग १६,००० चे, त्यावर सरळ निम्मे, ८,०००. रंगकाम १२,००० चं. त्यातला चौथा हिस्सा सामान धरतात आणि सामानावर निम्मा घसारा, म्हणजे १,५००. काच ६,००० आणि मजुरी १०,००० वर काही कापत नाहीत. शेवटी १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० ची वजावट. एकूण कपात १६,५००. घसारा न कापणारं झीरो डेप संरक्षण घेतलं असतं, तर घसाऱ्याचे १५,५०० बहुतांशी वाचले असते. टेम्पोवाल्याकडून पैसे मिळाले असतील तर आधी कंपनीला कळवा, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत.

नकाराच्या पत्रावरची तारीख पाहा. विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जावं लागतं, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत. आयोगात तारखांवर तारखा पडतात, म्हणून मी लोकपाल आधी म्हणेन. पण त्याआधी याच आठवड्यात कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा : जुन्या कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि तारीख द्या. उत्तर आलं नाही, तर एक महिना थांबा आणि ते न आलेलं उत्तरच तक्रारीला जोडा.