परिणामशूळातला 'परिणाम'

प्रश्न: डॉक्टर 'कसं दुखतं' विचारतात तेव्हा कळ, ठणका, मुरडा यातलं नेमकं काय सांगायचं? आणि जुन्या पुस्तकात 'परिणामशूळ' वाचलं, म्हणजे कशाच्या तरी परिणामाने झालेलं दुखणं का?

नाही हो! हा अर्थ इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते, आणि 'शूळ म्हणजे तीव्र वेदना' एवढं लिहून मोकळे होणारे कोशकार त्याला जबाबदार आहेत. कळ येते आणि जाते, म्हणून तर बाळंतपणाच्या 'कळा'. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर ठणठणतो, पिकलेलं गळू किंवा किडलेली दाढ. मुरडा पोट पिळवटतो आणि बरेचदा शौचाला झालं की सुटतो. झालं.

आता मजा शूळाची. सुश्रुतात कारण दिलंय, शंकू म्हणजे खुंटी ठोकल्यासारखं दुखतं म्हणून शूल. आणि 'परिणाम' म्हणजे इथे रिझल्ट नाही, पचन! परि + नम्, पालटणं, पक्व होणं. माधवनिदानात स्पष्ट आहे, खाल्लेलं जिरत असताना उठतो तो परिणामशूल. आणि जिरलेलं असो नसो, कधीही दुखतं तो अन्नद्रव. म्हणजे आजाराचं नावच वेळेवरून पाडलंय, माझ्या मते वैद्य तेव्हाही पहिला प्रश्न 'जेवणानंतर किती वेळाने?' हाच विचारत असणार.

आमच्या मामांचंच बघा, महिनाभर 'पोटात पेन होतंय' एवढंच सांगत होते, आणि काय होणार, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. मग एका डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा निघालं की बेंबीच्या वर, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी कुरतडल्यासारखं दुखतं, जेवून दोन-तीन तासांनी सुरू होतं, रात्री एक-दोनला जाग येते आणि दोन बिस्किटं दुधाबरोबर खाल्ली की थांबतं. शिवाय गुडघ्यासाठी रोज पेनकिलर, हे तर त्यांनी सांगितलंच नव्हतं. पोट रिकामं झालं की अ‍ॅसिड जखमेला लागतं आणि खाल्लं की तात्पुरतं शमतं, त्यामुळे डॉक्टरांचा संशय लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरवर गेला, आणि एंडोस्कोपीत तोच निघाला. जेवल्या जेवल्या दुखलं असतं तर आधी जठराकडे बघितलं असतं.

अर्थात नुसत्या वर्णनावर निदान होत नाही, काही अल्सर दुखतच नाहीत. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर शब्द शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि वरच्या पोटातच दुखतंय पण जिना चढताना आवळल्यासारखं होतं, थांबलं की जातं, असं असेल तर ते अगदी याच शब्दांत सांगा, जेवणाशी संबंध नाही हेही सांगा, कारण ते पोटाचं नसून हृदयाचं असू शकतं. आणि बसल्या जागीही थांबेना, घाम फुटला, तर ताबडतोब इमर्जन्सीत जा.