जळका वास येतो, पण जळत काहीच नाही

प्रश्न: तीन आठवड्यांपासून मधूनच वायर जळल्यासारखा वास येतो. घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही. डॉक्टरकडे जाऊ का?

हो, याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. याला फँटोस्मिया म्हणतात आणि बहुतेकदा कारण नाकातच सापडतं. मी कान-नाक-घसा ओपीडीत काम करते. आमच्याकडे असे रुग्ण सर्दी, सायनस किंवा कोविडनंतर जास्त येतात. वासाच्या नसा दुखावतात आणि भरून येताना चुकीचे संदेश पाठवतात.

पुढच्या वेळी वास आला की आधी एक नाकपुडी दाबा, मग दुसरी. आमच्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचा वास डावी नाकपुडी दाबली की थांबायचा. दुर्बिणीतून पाहिलं तर त्याच बाजूला सायनसचा पू होता. उपचार झाले आणि वास गेला. दोन्ही दाबूनही वास तसाच राहिला तर कारण मेंदूकडे असण्याची शक्यता वाढते, पण ही चाचणी पक्की नाही, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका.

वास सेकंद-दोन सेकंद किंवा मिनिटभरच येत असेल आणि त्याच वेळी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं, 'हे आधी घडलंय' असं वाटत असेल किंवा क्षणभर भान जात असेल, तर ती फिट असू शकते. मग लवकर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं, तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

आणि गॅस, वायरिंग एकदा दुसऱ्याच्या नाकाने तपासून घ्या.