मराठी एसएमएस सत्तरातच का संपतो?

*आम्ही एसएमएसवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, मराठीत मोजून पन्नास अक्षरं लिहिली तरी दोन मेसेजचे पैसे कापले जातात. असं का, आणि उत्तर आखूड कसं करायचं?*

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधं इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६०. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे २ बाइट लागतात, म्हणून ७०. मजकूर ७१ वर गेला की त्याचे तुकडे होतात आणि जोडणीच्या माहितीला ६ बाइट द्यावे लागल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात.

तुमची मोजणी चुकते ती इथे: आपण अक्षरं मोजतो, फोन चिन्हं मोजतो. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं धरलं जातं. ‘पृथ्वीच्या’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, फोनला दहा.

समजा कोणी विचारलं, दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? सवयीने आपण लिहितो:

‘चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करत असल्यामुळे प्रत्येक अमावास्येला चंद्राची सावली पृथ्वीवर पडत नाही.’

स्पेस आणि पूर्णविराम धरून १२४ चिन्हं, म्हणजे दोन मेसेज. पहिला तुकडा ६७ वर, ‘असल्यामु’ इथेच तुटतो. एरवी फोन तुकडे जोडून दाखवतो, पण दुसरा पोचलाच नाही तर ‘नाही’ त्याच्यासोबत गेलं. मराठीत नकार शेवटी येतो, त्यामुळे हे फार महागात पडतं.

आता हे पाहा:

‘चंद्राची कक्षा ५ अंश तिरकी. बहुधा सावली पृथ्वीच्या वर-खाली जाते.’

६४ चिन्हं. ‘अमावास्येला’ गाळलं, कारण ते विचारणाऱ्याच्याच प्रश्नात आहे. ‘असल्यामुळे’ची दहा चिन्हं एका पूर्णविरामाने वाचली; दोन वाक्यं शेजारी ठेवली की कारण आपोआप कळतं. नकाराऐवजी सावली कुठे जाते ते सांगितलं. ‘सुमारे’ मात्र मी नाइलाजाने काढलं. आकड्यातल्या दशांशावर काही अवलंबून असेल तर ते ठेवा आणि दुसरं काहीतरी काढा. ‘प्रत्येक’च्या जागी ‘दर’ लिहिलं तरी सहा चिन्हं सुटतात.

विभक्ती प्रत्यय मात्र कापू नका. ‘गोळी जेवण आधी’ असं तोडकं लिहिण्यापेक्षा ‘गोळी जेवणाआधी’ लिहा. एक स्पेस काढून एक काना घातला, म्हणजे लांबी तेवढीच आणि अर्थ पक्का.

रोमन लिपीत मराठी लिहून १६० मिळतात, पण kal म्हणजे काल की कळ, हे वाचणाऱ्यावर सोडावं लागतं. शिवाय त्यात एक जरी देवनागरी चिन्ह राहिलं तरी सगळा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. इमोजी बहुतेक वेळा दोन जागा खातो. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारी जोडचिन्हंही येतात. लांबी उगाच जास्त दिसली तर ते वाक्य हाताने पुन्हा टाइप करून पाहा.