दोन याद्या जोडल्या आणि दीड लाख जास्तीचे झाले

प्रश्न: देणगीच्या दोन याद्या आहेत, एक पावत्यांची आणि एक बँकेची. एकत्र करून एकूण काढायची आहे. दुबार नोंदी मोजल्या जाऊ नयेत म्हणून नाव आणि रक्कम जुळणाऱ्या ओळी काढून टाकल्या तर चालेल का?

नाही चालणार. हेच आमच्याकडे एकाने केलं होतं आणि निस्तरायला मला बसावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावत्यांच्या यादीत 140 नोंदी होत्या, बेरीज 2,60,000. बँकेच्या यादीत 95 नोंदी, बेरीज 2,35,000. आमच्या सहकाऱ्याने दोन्ही याद्या एकाखाली एक चिकटवल्या, Remove Duplicates दाबलं, 31 ओळी गेल्या, 70,000 कमी झाले आणि बैठकीत 4,25,000 जमल्याचं सांगून मोकळा झाला. मी म्हटलं, थांब, खात्यात 2,35,000 आणि रोख पेटीत 40,000, मग बाकीचे आहेत कुठे? त्यावर उत्तर मिळालं, "कॉम्प्युटरने काढलंय."

कॉम्प्युटरने काय काढलं ते मी दोन रात्री बसून शोधलं. एका देणगीदाराने पाच महिने दर महिन्याला 2,000 दिले होते. दोन्ही याद्या मिळून त्यांच्या दहा ओळी. नाव तेच, रक्कम तीच, म्हणून नऊ ओळी उडाल्या आणि एक उरली. उरायला हव्या होत्या पाच. बिचाऱ्यांचे खरेखुरे 8,000 गायब. उलट ज्या 41 देणग्या खरंच दोन्हीकडे होत्या त्या तशाच राहिल्या, कारण पावतीवर पूर्ण नाव आणि बँकेत आद्याक्षरं, किंवा पावती नवऱ्याच्या नावाने आणि पैसे बायकोच्या खात्यातून. हे झाले 78,000.

सगळ्यात मोठा घोळ मात्र नावाने कधीच सापडला नसता. रोख पावत्यांचे पैसे आम्ही दोनदा बँकेत भरले होते, मिळून 80,000. पावत्यांच्या यादीत ते कितीतरी लोकांच्या नावावर, आणि बँकेच्या यादीत 'रोख भरणा' अशा फक्त दोन ओळींत. ना नाव जुळत, ना रक्कम. यादी जोडणाऱ्याला त्या दोन नव्या, घसघशीत देणग्या वाटल्या.

म्हणून माणसं जुळवू नका, व्यवहार जुळवा. आणि कुठलीही ओळ पुसू नका. बँकेच्या यादीत एक रिकामा रकाना घ्या आणि त्या व्यवहाराची पावती फाटली असेल तर तिचा क्रमांक तिथे लिहा. आधी व्यवहार क्रमांकावरून जुळवा, तो पावतीवर नसेल तर रक्कम आणि दोन-तीन दिवस मागेपुढे तारीख बघून. नाव सगळ्यात शेवटी. एक पावती क्रमांक एकदाच वापरायचा. रोख भरण्याच्या ओळीत त्या रकान्यात 'रोख भरणा' असंच लिहायचं आणि कुठल्या पावत्यांचे पैसे त्यात गेले ते बाजूला टिपायचं. मग एकूण म्हणजे सगळ्या पावत्या, अधिक बँकेतल्या ज्या ओळींचा रकाना रिकामा राहिला फक्त त्या. इथे D मध्ये रक्कम आहे आणि E हा तो नवा रकाना:

```
=SUM(Pavti!D2:D500)+SUMIF(Bank!E2:E500,"",Bank!D2:D500)
```

आमच्याकडे अशा बिनपावतीच्या 25 ओळी निघाल्या, 15,000 च्या. 2,60,000 आणि 15,000 मिळून 2,75,000. खात्यातले 2,35,000 आणि पेटीतले 40,000 यांची बेरीजही तेवढीच. दुसऱ्या वाटेने तोच आकडा आला की मगच तो बाहेर सांगावा.

हां, ही पडताळणी खात्यातून मध्येच खर्च झालेला नसेल तरच इतकी सरळ जमते. झाला असेल तर तो शिलकेत परत मिळवून बघायचा. ऑनलाइन देणगीतून शुल्क कापून पैसे येत असतील तर 1,000 ची पावती बँकेत 1,000 ला जुळणार नाही. तिथे देणगी पूर्ण धरायची आणि शुल्क खर्चात टाकायचं. पावती फाडली पण पैसे आलेच नाहीत, अशा पावत्या बेरजेआधी बाजूला काढा. आमच्यात तशा नव्हत्या, निदान तेव्हा तरी.

आणि तुमच्या इथे कुणी "पावतीवर व्यवहार क्रमांक कशाला, नाव पुरे" म्हणत असेल तर त्याला हे दाखवा. मी पावती पुस्तक छापायच्या आधीच त्या रकान्यासाठी भांडलो होतो. जागा पुरत नाही म्हणाले. पुढच्या पुस्तकात पुरली.