कॅप्सूल कोणी बंद केली?

*ताई, माझे वय २७, लग्नाला तीन वर्षे झाली, आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. पूर्वी पाळी ४५-५० दिवसांनी यायची. मार्चमध्ये नणंदेबरोबर बेळगावला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंशी नणंदच कन्नडमधून बोलली, पाळी लांबते एवढे सांगितले. त्यांनी सोळाव्या दिवसापासून दहा रात्री प्रोजेस्टेरॉन २०० ची एकेक कॅप्सूल घ्यायला सांगितली. मग पाळ्या ७ एप्रिल, ५ मे, ३० मे आणि २३ जूनला आल्या. मे आणि जूनमध्ये छाती जड झाली, मळमळ सुरू झाली, दिवसभर झोप येऊ लागली. सासूबाई म्हणाल्या, दिवस राहिले. त्यांनी कुंदाही आणला. गरोदरपणात उगाच औषध नको म्हणून मेमध्ये आठव्या आणि जूनमध्ये सहाव्या कॅप्सूलनंतर मी त्या बंद केल्या. दोन्ही वेळा पाळी आली. किट लावून पाहिले नव्हते. सासूबाई म्हणतात, राहतात पण टिकत नाहीत, शेतात वाकू नकोस. गर्भाची लक्षणे आणि पाळीआधीची लक्षणे यांतला फरक कसा ओळखावा?*

सासूबाई, कुंदा आणि शेतातले वाकणे हे सगळे मी क्षणभर बाजूला ठेवते, कारण तुझ्या पत्रातले खरे वाक्य तू ओझरते लिहून पुढे गेली आहेस. कॅप्सूल तू बंद केल्यास, दोन्ही महिन्यांत, कोणालाही न विचारता. मी तुझ्या तारखा कागदावर मांडल्या. मेमध्ये सोळावा दिवस २० तारखेला आला, आठवी कॅप्सूल २७ तारखेला झाली आणि ३० तारखेला रक्तस्राव सुरू झाला. जूनमध्ये पहिली कॅप्सूल १४ तारखेला, सहावी १९ तारखेला आणि रक्तस्राव २३ तारखेला. एप्रिलमध्ये तू दहाच्या दहा घेतल्यास, शेवटची १ मे रोजी, आणि पाळी ५ मे रोजी आली. तिन्ही वेळा शेवटच्या कॅप्सूलनंतर तीन-चार दिवसांनी. तू लवकर थांबलीस की पाळी लवकर येते, पूर्ण घेतल्यास की उशिरा. तुझी पाळी तुझ्या कॅप्सूलच्या मागोमाग चालते आहे, आणि हे तुझ्या घरात कोणी पाहिलेले नाही, कारण मधली तारीख फक्त तुलाच ठाऊक होती.

हे असे का होते ते नीट समजून घे, त्यातच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. स्त्रीबीज फुटून बाहेर पडले की बीजांडकोशात मागे जो पोकळ कवचासारखा भाग उरतो, त्याचे पीतपिंड होते आणि तेच प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. बीज फुटल्यावर साधारण आठवडाभराने हे संप्रेरक सर्वांत वर जाते. त्या महिन्यात गर्भ राहिला असो वा नसो, ही चढण बहुतांशी सारखीच असते, कारण पीतपिंडाला अजून काहीच कळलेले नसते. फलित बीज तोवर गर्भाशयाकडे निघालेले किंवा नुकतेच पोहोचलेले असते. ते अस्तरात रुजते साधारणपणे बीज फुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी, कधी थोडे आधी, कधी नंतर. रुजल्यावरच ते एचसीजी नावाचा निरोप रक्तात सोडू लागते. तो निरोप पोहोचला तर पीतपिंड टिकते आणि प्रोजेस्टेरॉन चालू राहते. नाही पोहोचला तर सुमारे चौदा दिवसांत पीतपिंड सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येते, अस्तर सुटते आणि पाळी येते.

मग छाती जड होणे, पोट फुगणे, शौचाला साफ न होणे, अंग किंचित कोमट लागणे, झोप येणे हे सगळे कोणाचे काम? प्रोजेस्टेरॉनचे. त्याने स्तनांतल्या ग्रंथी भरतात आणि तिथे पाणी धरते. आतड्यांचे स्नायू सैल पडतात, म्हणून अन्न रेंगाळते आणि मळमळल्यासारखे होते. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर वाढते. त्याचे शरीरात जे रूपांतर होते ते मेंदूला शांत करते, गुंगी आणते. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही हेच संप्रेरक आणि गर्भाच्या पहिल्या आठवड्यांतही हेच. म्हणून पाळी चुकण्याच्या आधी केवळ लक्षणांवरून फरक ओळखता येत नाही. तुलाही नाही, सासूबाईंनाही नाही, आणि तपासणीवाचून डॉक्टरांनाही नाही.

आता यात तुझी कॅप्सूल घाल. तिच्यात तेच प्रोजेस्टेरॉन आहे, शरीर बनवते तेच. तोंडाने घेतलेले प्रोजेस्टेरॉन यकृतातून जाताना त्या गुंगी आणणाऱ्या रूपात बरेच बदलते, म्हणून तर ते रात्री घ्यायला सांगतात. सहा रात्री ती घेतलेल्या बाईला छाती जड वाटली, मळमळले, दिवसा डोळे मिटू लागले, यात नवल कसले? ही लक्षणे गर्भाची नव्हती आणि कदाचित पाळीआधीची म्हणतात तीही नव्हती. ती औषधाच्या पाकिटातून आलेली होती. खरी गरोदरपणातली मळमळ बहुधा पाळी चुकल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू होते. १९ जून हा तुझा एकविसावा दिवस होता. बीज चौदाव्या दिवशी फुटले असे धरले, तरी त्या दिवशी गर्भ जेमतेम रुजण्याच्या बेतात असता, आणि ज्याचा निरोपच निघालेला नाही त्याने तुला मळमळायला लावले असते कसे?

(पहिल्या खेपेच्या आधी मीही एका महिन्यात चिंचा मागवून घेतल्या होत्या, आणि पाळी ठरल्या दिवशी आली. माझ्याकडे कॅप्सूलचे निमित्तही नव्हते.)

म्हणून ‘राहतात पण टिकत नाहीत’ हा निकाल मी सरळ खोडते. किट लावलेले नाही, रक्त तपासलेले नाही, पाळी एक दिवसही चुकलेली नाही. कॅप्सूल थांबल्यावर आलेला तो रक्तस्राव आहे. अस्तराला मिळणारा आधार तू काढून घेतलास आणि अस्तर सुटले. शेतात वाकल्याने काही पडले नाही, आणि खुर्चीत बसून राहिलीस तरी काही साधणार नाही. ‘गरोदरपणात औषध नको’ हा तुझा विचार तर इथे अगदी उलटा लागतो. गर्भ राहिला असता तर पहिल्या आठवड्यांत त्याला जगवणारे संप्रेरक हेच आहे.

पण मला जास्त काळजी पुढच्या गोष्टीची वाटते. ज्या बाईचे बीज फुटते तिच्याकडे स्वतःचे पीतपिंड असते. तिने कॅप्सूल मधेच थांबवली तरी शरीराचे प्रोजेस्टेरॉन चालू राहते आणि पाळी सहसा आपल्या वेळेलाच येते. तुझ्याकडे तीन-चार दिवसांत सगळे ओसरते. याचा एक अर्थ असा असू शकतो की या महिन्यांत तुझे बीज फुटलेच नाही आणि प्रोजेस्टेरॉन आले ते केवळ औषधातून. ४५-५० दिवसांची पाळी हेही त्याच बाजूला बोट दाखवते. हे सिद्ध झालेले नाही, तीन महिन्यांच्या तारखांवरून होणारही नाही. जूनमध्ये बीज अकराव्या दिवशी फुटले असेल, तर पंचविसाव्या दिवशीची पाळी स्वाभाविकही ठरते. आणखी एक शक्यता आहे. तुझे बीज उशिरा, तिसाव्या दिवसाच्या आसपास फुटणारे असेल, तर सोळाव्या दिवशी बाहेरून आलेले प्रोजेस्टेरॉन त्याला अडवूही शकते. म्हणजे जे औषध तू मूल राहावे म्हणून मनोभावे घेतेस तेच आड येत असेल.

यात डॉक्टरीणबाईंची चूक मी काढणार नाही. त्यांना सांगितले गेले ते ‘पाळी लांबते’. लांबलेली पाळी आणण्यासाठी हे औषध अगदी योग्य आहे. ‘मला मूल हवे आहे’ हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारलेच नाही. नणंदेने आपल्या परीने कन्नडमध्ये जे समजले ते मांडले, आणि तू शेजारी मान खाली घालून बसलीस. तुझी लाज मला कळते. आपल्याकडच्या पोरींना दवाखान्यात भाषेचे आणि विषयाचे असे दुहेरी अवघडलेपण असते. पण आता या लाजेत तुझे महिने जात आहेत, आणि तिथे मला तुझा राग येतो.

तेव्हा तू एकच गोष्ट कर. ८ जुलै हा तुझा पुढचा सोळावा दिवस आहे. त्याच्या आत, जमले तर २ ते ४ जुलैच्या दरम्यान, नवऱ्याला सोबत घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे जा. नणंदेला या वेळी घरी राहू दे. बेळगावात दवाखाना चालवणाऱ्या माणसाला बहुधा मराठी कळते, तू मराठीतच बोल. चारही पाळ्यांच्या तारखा आणि प्रत्येक महिन्याची शेवटची कॅप्सूल कधी घेतलीस ते एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव, आणि तोंडाने म्हण: ‘कॅप्सूल मी मधेच बंद केल्या होत्या. आम्हाला मूल हवे आहे. माझे बीज फुटते की नाही ते बघा.’

त्या बहुधा एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी करून बीज ज्या पिशवीत पिकते तो बीजकोश वाढतो का ते पाहतील. त्याला दवाखान्यात फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. बीजकोश १८-२० मिलिमीटरचा झाला आणि पुढच्या तपासणीत दिसेनासा झाला, की बीज फुटले असे मानतात. कॅप्सूल त्यानंतरच सुरू करायची की मुळीच नको, हे त्या ठरवतील. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनसाठी रक्तही घेतील. बीज फुटतच नसेल, तर पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस घ्यायच्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत. नवऱ्याची तपासणी सांगितली, तर त्याने त्याच आठवड्यात करून घ्यावी, तिथे मानपान नको.

कॅप्सूल पुन्हा दिल्या, तर जितक्या सांगितल्या तितक्या घे. संपल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही, तर सकाळची पहिली लघवी घेऊन किट लाव. आशाताईंकडे निश्चय किट फुकट मिळते, नाहीतर मेडिकलमधून आण. दुसरी रेघ फिकट उमटली तरी ती रेघच आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव आणि त्यांना विचारल्याशिवाय कुठलेही औषध बंद करू नकोस. रेघ येण्याआधी छाती कितीही जड होऊ दे, सासूबाईंना त्याची खबर देऊ नकोस.