ताप चढताना लेकरू कुडकुडतं का? दोघींची एक रात्र

"मॅडम, पोराला ताप आला की माझेच हातपाय गळतात. ताप डोक्यात जाईल म्हणून रात्रभर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवते, तरी तो कुडकुडतो आणि ताप वरच जातो. सासूबाई गोधडी घालतात, मी काढते. नेमकं कुणाचं चुकतंय?"

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडं हे इतक्या वेळा येतं की आता लिहायलाच पाहिजे असं वाटलं. खाली जी ताई आहे तिची ओळख पटेल असं सगळं बदललंय, पण रात्र खरी आहे.

ताई राजारामपुरीत राहते, नोकरी करते, मुलगा साडेतीन वर्षांचा. पहिल्या दोन भेटी नुसत्या भीतीतच गेल्या. तिच्या लहानपणी चुलतभावाला तापात झटका आला होता आणि घरातल्या बायकांचा तो आरडाओरडा तिच्या कानातून अजून गेलेला नाही. मी तिला "घाबरू नका" असं एकदाही म्हटलं नाही. माझं वर्षानुवर्षांचं मत आहे की भीतीच्या खाली बहुतेक वेळा एक अर्धवट समज बसलेली असते, ती हलली की भीती आपोआप सैल होते. म्हणून मी तिला एक वही दिली आणि म्हटलं, पुढच्या तापाला फक्त तीन गोष्टी लिहा: थर्मामीटर किती, पाय गार की गरम, आणि पोरगं स्वतःहून काय करतंय.

तिसऱ्या भेटीला ती वही घेऊन आली आणि सोबत सासूबाईपण. वहीत असं होतं. रात्री अकरा, १००.४, पाय गार, आजीच्या कुशीत शिरतोय. साडेअकरा, बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या, दात वाजतायत, अंगावर काटा. बारा, १०३, पाय अजून गार. सव्वाबाराला औषध. दीड, पाय गरम, गाल लाल. दोन, घामाघूम, पांघरूण लाथेनं उडवतोय, ताप १०१.

"बघा ओ बाई," सासूबाई म्हणाल्या, "लेकरू गारठलंय आन ही बर्फ लावतीया."

"आणि आई दोन वाजता घामात भिजलेल्या पोरावर गोधडी घालतात," ताईचं उत्तर.

मी म्हटलं, अकराची ओळ परत वाचा. अंग १००.४ म्हणजे तापलेलं, मग त्याला थंडी का वाजावी?

दोघी गप्प. माझ्या अनुभवात ही शांतता फार मोलाची असते, ती मी भरत नाही.

मग मी सांगितलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, अंग किती गरम ठेवायचं ते तो ठरवतो. एरवी हा आकडा ९८.६ च्या आसपास असतो. बाहेर ऊन असलं आणि अंग त्या आकड्याच्या वर गेलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, कातडी लाल होते, घाम येतो आणि तो वाळताना उष्णता घेऊन जातो. थंडी असली की उलटं, रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, काटा येतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, हेच ते कुडकुडणं. आता जंतू शिरले की आपल्याच पेशी काही रसायनं सोडतात, त्यामुळं मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ वाढतो आणि हायपोथॅलॅमस आपला आकडाच वर नेतो, समजा १०३ ला. अंग आहे १००.४ वर आणि हुकूम आहे १०३ चा, म्हणजे मेंदूच्या हिशोबानं ते पोरगं थंडच आहे! म्हणून तो थंडीचीच सगळी यंत्रणा चालू करतो.

ताईचं माहेर कागलकडचं, घरचं गुऱ्हाळ. ती एकदम म्हणाली, "म्हणजे चुलवाण बिघडलेलं नाही मॅडम, गुळव्यानंच सांगितलंय की पाक अजून पुढं न्यायचाय, म्हणून खालचा माणूस चिपाडं घालतोय." आणि मग स्वतःशीच, हळू आवाजात, "आणि मी काहिलीत गार पाणी ओतत होते. तो अजून जाळ घालणारच."

इतक्या वर्षांत मी हे बऱ्याच जणांना समजावलंय, पण इतकं नेमकं मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिचं गुऱ्हाळच वापरते. पॅरासिटामॉल काय करतं तेही त्यातच बसतं: ते काहिलीला हात लावत नाही, प्रोस्टाग्लँडिन कमी करून गुळव्याचा हुकूमच खाली आणतं. मग १०३ वर असलेलं अंग मेंदूला जास्त वाटतं, आणि दीड-दोनला वहीत लिहिलेलं सगळं होतं, पाय गरम, गाल लाल, घाम. तेव्हा गोधडी घातली की उष्णता बाहेर पडायची वाटच बंद.

म्हणजे अकरा वाजता सासूबाई बरोबर होत्या, दोन वाजता सूनबाई. भांडण होतं ते वेळेचं. हे मी मुद्दाम दोघींच्या तोंडावर सांगितलं, कारण अशा घरात एकीला जिंकवलं की दुसरी पुढच्या तापाला परत गोधडी घेऊन उभी राहते.

मग ठरलं असं. पाय गार आणि पोरगं अंग चोरतंय, तर एक हलकी चादर, जाड गोधड्यांचा ढीग नाही. पाय गरम होऊन ते पांघरूण ढकलायला लागलं की काढायचं, सुती कपडा, पंखा हळू, घोटघोट पाणी. बर्फ कधीच नाही. औषधाचा डोस वजनावर डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा आणि बाटलीवरची ताकद वाचायची, कारण सिरपमध्ये ५ मिलीला १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात, "तेवढंच चमचाभर" म्हणताना डोस दुप्पट होतो. आकडा ९८ वर आणायचा हट्ट नको, पोरगं पाणी पितंय, बघतंय, बोलतंय का ते बघायचं.

आणि ताप डोक्यात जाण्याचं? जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू आकडा वर नेतो पण लगाम सोडत नाही, तो १०६ च्या पुढं क्वचितच जातो. तापातला झटका सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना येतो, दिसायला भयंकर असतो, पण साधा झटका मेंदू खराब करत नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा हुंगवत बसायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेला तर तडक दवाखाना, आणि पहिलाच असेल तर थांबला तरी दाखवायचं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ १००.४ ला गेलं तर वही-बिही नको, लगेच डॉक्टर. मान ताठ, श्वास जोरात, अंगावर दाबून न जाणारे लाल-जांभळे डाग, उठवूनही न उठणं, यातलं काही दिसलं तरी तेच.

एका गोष्टीत मात्र मी ताईला तिची बर्फाची सवय परत दिली. मे महिन्यात उन्हात खेळून किंवा बंद गाडीत राहून पोरगं तापलं, बरळायला लागलं, तर गुळव्याचा हुकूम ९८.६ चाच असतो, उष्णता बाहेरून अंगात कोंबली गेलेली असते. तिथं पॅरासिटामॉलला खाली आणायला काही नाही. तिथं पाणी ओतायचं, वारा घालायचा, आणि ते करतच दवाखाना गाठायचा.

गणपतीच्या आधी तिचा रात्री मेसेज आला. "१०२.४. पाय गार होते तेव्हा आईंनी चादर घातली. आत्ता पाय गरम झाले, चादर पण त्यांनीच काढली. मी झोपते."